बॅसिलसचा बीजाणू हिरवा का दिसतो: मॅलकाइट ग्रीन स्टेनिंग पायरीपायरीने

बॅसिलस सबटिलिसची दोन-तीन दिवस जुनी प्लेट घेऊन ग्रॅम स्टेनिंग केले, तर जांभळ्या दांड्यांच्या पोटात रंगच न लागलेली, चकाकणारी लंबगोल जागा दिसते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असणारे बरेच जण तिला हवेचा बुडबुडा समजून पुढे जातात. खरे तर तो एंडोस्पोर, म्हणजे पेशीच्या आत तयार झालेला बीजाणू असतो. तिथे रंग लागत नाही, कारण बीजाणू रंगाला आत घेत नाही. म्हणून त्याला रंगवायला वेगळी पद्धत लागते. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत शेफर आणि फुल्टन यांनी १९३३ साली मांडली. मॅलकाइट ग्रीन, वाफ, पाणी आणि सॅफ्रानिन एवढेच तिचे साहित्य आहे.

तोंडी परीक्षेत 'मॅलकाइट ग्रीनच का?' असे विचारले की ठरलेले उत्तर येते: तो बीजाणूला घट्ट चिकटतो म्हणून. मला हे उत्तर उलटे वाटते. मॅलकाइट ग्रीन पेशीच्या घटकांना सैल चिकटतो आणि साध्या पाण्याने निघून जातो, म्हणूनच तो इथे कामाचा आहे. तो बीजाणूत टिकतो ते बीजाणूच्या रचनेमुळे. हे पटण्यासाठी आधी ती रचना कशी तयार होते ते पाहू.

पेशीच्या आत पेशी

अन्न भरपूर असेल तोवर बॅसिलस सबटिलिस मधोमध दुभागून वाढत राहतो. कार्बन किंवा नायट्रोजन कमी पडू लागला आणि आजूबाजूला पेशींची दाटी झाली, की पेशीतली काही संवेदक प्रथिने हा ताण ओळखतात. फॉस्फेटचा गट एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी 'स्पो-झिरो-ए' नावाच्या नियंत्रक प्रथिनापर्यंत पोचतो. फॉस्फेट लागलेल्या या प्रथिनाचे प्रमाण पुरेसे वाढले की पेशी बीजाणूच्या मार्गाला लागते. पेशी लगेच या मार्गाला लागत नाही, कारण तो महागडा आहे. एकदा पुढे गेल्यावर मागे फिरता येत नाही आणि सगळे पूर्ण व्हायला ३७ अंश सेल्सिअसला साधारण सात-आठ तास लागतात.

पहिला उघड बदल म्हणजे पेशीतला पडदा मधोमध न पडता एका टोकाजवळ पडतो. त्यामुळे एक लहान कप्पा आणि एक मोठा कप्पा तयार होतो. लहान कप्पा हा होणारा बीजाणू आणि मोठा कप्पा ही मातृपेशी. पडदा मिटतो तेव्हा गुणसूत्राचा जेमतेम तिसरा हिस्सा लहान कप्प्यात गेलेला असतो. उरलेला डीएनए पडद्यातल्या एका पंपासारख्या प्रथिनाने आत ओढून घेतला जातो. मग मातृपेशीचे आवरण लहान कप्प्याभोवती सरकत जाऊन त्याला पुरते गिळते. आता तो मातृपेशीच्या पोटात दोन आवरणांनिशी सुटा असतो.

पुढचे बांधकाम दोघी मिळून करतात. दोन आवरणांच्या मधल्या जागेत पेप्टिडोग्लायकॅनचा जाड थर भरला जातो, बाहेरून मातृपेशी प्रथिनांचे कवच चढवते आणि आतल्या भागातले पाणी कमी होत जाते. शेवटी मातृपेशी फुटते आणि बीजाणू मोकळा होतो. एका पेशीतून एकच बीजाणू निघतो, म्हणून बॅसिलसमध्ये ही प्रजननाची रीत नव्हे. ही गोष्ट पुढे मोजणी करताना लागेल.

फर्डिनांड कोन यांनी १८७६ साली बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूंचे वर्णन केले ते गवताच्या काढ्यात पाहून. काढा उकळला तरी त्यात पुन्हा वाढ दिसते, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्सच्या जिवाणूचे जीवनचक्र बीजाणूंसह दाखवले.

आतून बाहेर जाताना

बीजाणूच्या मध्यभागी गाभा असतो. त्यात डीएनए, रायबोसोम आणि लागणारी विकरे असतात, पण पाणी फार थोडे असते. वाढणाऱ्या पेशीच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असते, तर गाभ्यात ते २५ ते ५० टक्क्यांवर येते. पाण्याची जागा मुख्यतः कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांच्या संयुगाने घेतलेली असते. बीजाणूच्या कोरड्या वजनात या आम्लाचा वाटा साधारण १० टक्के भरतो. डीएनएभोवती काही लहान, आम्लात विरघळणारी प्रथिने बिलगून बसलेली असतात. ती त्याचे रसायनांपासून आणि अतिनील किरणांपासून रक्षण करतात.

गाभ्याभोवती आतले पटल असते. ते इतके दाबून बसलेले असते की त्यातली मेदद्रव्ये जवळजवळ हलत नाहीत आणि लहान रेणूही त्यातून फार सावकाश जातात. त्यावर जंतुभित्तीचा पातळ थर आणि मग कॉर्टेक्स असतो. कॉर्टेक्सही पेप्टिडोग्लायकॅनचाच, पण त्यातले आडवे जोड कमी असतात. हा थर शाबूत असेपर्यंत गाभा कोरडा राहतो. कॉर्टेक्सच्या बाहेर दुसरे पटल आणि सर्वांत बाहेर अनेक प्रथिनांचे थरावर थर असलेले कवच असते. मोठे रेणू आणि विकरे या कवचापाशीच अडतात. बॅसिलस सिरियस आणि बॅसिलस अँथ्रॅसिस यांच्या कवचाबाहेर एक्सोस्पोरियम नावाची आणखी एक सैल पिशवी असते. सबटिलिसमध्ये ती नसते.

स्टेनिंगच्या दृष्टीने यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थंड अवस्थेत या थरांतून रंगाचा रेणू सहज आत जात नाही आणि आत गेलेला सहज बाहेरही येत नाही.

योग्य वयाची प्लेट

स्टेनिंग फसते त्यात मोठा वाटा प्लेटच्या वयाचा असतो. आदल्या संध्याकाळी रेघाटलेली प्लेट सकाळी घेतली तर पेशी अजून खाऊन-पिऊन वाढत असतात आणि स्लाइडवर सगळे गुलाबी दिसते. आठवडाभर जुन्या प्लेटवर जवळजवळ सुटे बीजाणूच उरतात, तुलनेला पेशी मिळत नाहीत. न्यूट्रिएंट अगारवर ३७ अंशांना ४८ तास वाढवलेली प्लेट शिकण्यासाठी सर्वांत बरी, कारण साध्या पेशी, बीजाणू पोटात असलेल्या पेशी आणि सुटे बीजाणू असे तिन्ही प्रकार एकाच नजरेत येतात.

माध्यमात ग्लुकोज घालू नका. अन्न मुबलक असल्याचा संकेत मिळत राहिला की बीजाणू होणे लांबते. मँगॅनीज मात्र जरूर घाला, ते कमी पडले की बीजाणू कमी होतात. लिटरमागे १० ते ३० मिलीग्रॅम मँगॅनीज सल्फेट पुरते. १०० मिली माध्यमासाठी एवढे थोडे वजन तराजूवर नीट येत नाही. म्हणून १०० मिलीग्रॅम सल्फेट १०० मिली पाण्यात विरघळवून ठेवा आणि १०० मिली माध्यमाला त्यातले १ ते ३ मिली घाला. प्लेटला हवा मिळायला हवी, तिला घट्ट पिशवीत बांधून ठेवू नका.

जिवाणू ओळखीचा आणि निर्धोक घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहातून संस्थांना बॅसिलस सबटिलिस मिळू शकतो. मातीतून स्वतः वेगळा केलेला बॅसिलस नवशिक्याने घेऊ नये. मातीत बॅसिलस सिरियसही सर्रास असतो आणि तो अन्नविषबाधा करतो.

स्टेनिंग

रंग आदल्या दिवशी करा. ५ ग्रॅम मॅलकाइट ग्रीन १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवा आणि गाळून घ्या. न गाळलेल्या रंगातले कण स्लाइडवर हिरव्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि बीजाणू म्हणून मोजले जातात. सॅफ्रानिन ०.५ टक्के, पाण्यात. मॅलकाइट ग्रीन विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि पूड तोलताना ती उडू देऊ नका. भेंडी-मिरची हिरवीगार दिसावी म्हणून काही ठिकाणी हाच रंग चोरून वापरला जातो. भेसळ तपासणारे त्याच्यामागे असतात ते याच विषारीपणामुळे.

स्वच्छ स्लाइडवर पाण्याचा छोटा थेंब ठेवा, लूपच्या टोकाला जेमतेम दिसेल एवढी वाढ घ्या आणि पातळ स्मिअर पसरा. स्मिअर दाट झाला की पेशी एकमेकींवर बसतात आणि धुताना त्यांच्यात हिरवा रंग अडकून राहतो. हवेत पूर्ण वाळू द्या, मग ज्योतीवरून दोन-तीनदा भरभर फिरवून चिकटवा.

बीकरमध्ये पाणी उकळत ठेवा आणि स्लाइड त्याच्या तोंडावर आडवी ठेवा. स्मिअरपेक्षा थोडा मोठा गाळणकागदाचा तुकडा त्यावर ठेवून तो मॅलकाइट ग्रीनने भिजवा. कागद रंग धरून ठेवतो आणि कणही अडवतो. स्लाइडवरून वाफ निघू लागली की ५ मिनिटे मोजा. शेफर-फुल्टन यांच्या मूळ पद्धतीत रंग ज्योतीवर अर्ध्या मिनिटात तीन-चार वेळा वाफेपर्यंत तापवत. हाताला सवय नसेल तर त्यात रंग उकळतो किंवा आटतो, म्हणून शिकताना वाफेची रीत बरी. या पाच मिनिटांत कागद एकदाही वाळता कामा नये. कडा फिकट दिसू लागल्या की लगेच ड्रॉपरने रंग घाला.

मग स्लाइड चिमट्याने उचलून बाजूला ठेवा आणि हाताला कोमट लागेपर्यंत थंड होऊ द्या. घाई करून गरम काचेवर गार पाणी सोडले तर ती तडकते. शिवाय थंड होणे हा पद्धतीचाच भाग आहे: उष्णतेने सैल झालेले थर पुन्हा आवळले की आत गेलेला रंग अडकतो.

कागद काढा आणि नळाच्या बारीक धारेखाली स्लाइड तिरकी धरा. धार स्मिअरवर थेट न पाडता वरच्या कडेला सोडा. ओघळणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण अर्धे मिनिट, धुवा. इथे अल्कोहोल लागत नाही. या पद्धतीत रंग काढण्याचे काम पाणीच करते.

शेवटी सॅफ्रानिन ३० सेकंद ते १ मिनिट ठेवा, धुवा, टिपकागदाने टिपा आणि पूर्ण वाळल्यावर तेलभिंगाखाली पाहा.

मग मॅलकाइट ग्रीनच का

मॅलकाइट ग्रीन हा ट्रायफिनिलमिथेन गटातला धनभारित रंग आहे. पेशीतले बरेच घटक ऋणभारित असल्याने तो पेशीत शिरतो आणि तिथे बसतो, पण त्याची पकड सैल असते. साध्या पेशीत जाणे-येणे मोकळे असल्याने पाणी त्याला धुऊन नेते. बीजाणूत तो उष्णतेच्या जोरावर शिरतो आणि थंडीत आत कोंडला जातो. पेशी धुतली जाते, बीजाणू धुतला जात नाही. एवढ्या एका फरकावर सगळी पद्धत उभी आहे.

याच जागी क्रिस्टल व्हायोलेट घेऊन पाहा. तोही याच गटातला धनभारित रंग आहे, पण साध्या पेशीत तो चांगला धरून बसतो आणि पाण्याने निघत नाही. काढायचा तर अल्कोहोलसारखे काही लागते, आणि वर सॅफ्रानिन दिला तरी जांभळा-गुलाबी भेद डोळ्यांना कठीण जातो. कार्बोल फ्युक्सिनने बीजाणू लाल करण्याची डॉर्नर यांची पद्धत १९२२ सालची आहे. त्यात पार्श्वभूमीला काळे निग्रोसिन द्यावे लागते. हिरव्यावर गुलाबी हा भेद मात्र पहिल्याच नजरेला कळतो.

हे माझ्या शब्दांवर मानू नका. एकाच प्लेटच्या आणखी दोन स्लाइड करा. पहिलीवर सगळे तसेच, फक्त वाफ नाही: रंग थंडच ५ मिनिटे. तिच्यात पेशी गुलाबी आणि बीजाणू रिकामे किंवा अगदी फिकट दिसतील, म्हणजे रंग आत गेला तो वाफेमुळे. दुसरीला वाफ द्या, धुवा, पण सॅफ्रानिन देऊ नका. तिच्यात हिरवे बीजाणू दिसतील आणि भोवतालच्या पेशी जवळजवळ रंगहीन असतील, म्हणजे पाण्यानेच पेशींतला रंग काढला. वाफेशिवायची एक पद्धतही प्रचलित आहे, पण तिच्यात स्मिअर ज्योतीवरून सुमारे वीस वेळा फिरवून आधीच चांगला तापवतात आणि जास्त तीव्र रंग १० मिनिटे ठेवतात. उष्णता तिथेही लागतेच, फक्त तिची पायरी अलीकडे येते.

अंकुरलेल्या बीजाणूचे उदाहरण आणखी बोलके आहे. पोषक घटक मिळून बीजाणू जागा झाला की कॅल्शियम-डायपिकोलिनेट बाहेर पडते, कॉर्टेक्स विरघळतो आणि गाभ्यात पाणी शिरते. त्याची चकाकी जाते आणि साधा रंगही त्याला लागू लागतो. आत काय अडकेल हे थर शाबूत आहेत की नाहीत यावर ठरते.

एक प्लेट, तीन दिवस

पद्धत हातात बसवायची तर एकाच प्लेटमधून २४, ४८ आणि ७२ तासांनी स्मिअर करा. २४ तासांच्या स्लाइडवर गुलाबी दांड्याच जास्त दिसतील, काहींच्या पोटात हिरवे असेल. ४८ तासांना बऱ्याच गुलाबी दांड्यांत मध्यावर किंवा थोडे एका टोकाकडे हिरवे लंबगोल दिसतील आणि दांडी तिथे फुगलेली नसेल. ही सबटिलिसची खूण आहे. टोकाला गोल बीजाणू आणि त्याने फुगलेली पेशी दिसली, तर प्लेटवर दुसरेच काही वाढले आहे असा संशय घ्या. ७२ तासांना सुटे हिरवे बीजाणू वाढलेले असतील आणि फुटलेल्या मातृपेशींचे फिकट गुलाबी अवशेष पडलेले असतील.

आता ४८ तासांच्या स्लाइडवर वेगवेगळ्या दृष्टिक्षेत्रांत मिळून २०० मोजा. समजा ७४ नुसत्या गुलाबी पेशी, ८६ बीजाणू पोटात असलेल्या पेशी आणि ४० सुटे बीजाणू भरले. एका पेशीचा एकच बीजाणू, म्हणून प्रत्येक सुटा बीजाणू एका पेशीच्या जागी धरायचा. ८६ आणि ४० मिळून १२६, म्हणजे २०० पैकी ६३ टक्के पेशींनी बीजाणू केले. दाट गठ्ठे मोजू नका, त्यांतला आकडा खरा येत नाही.

बिघडले तर कसे ओळखायचे

सगळेच हिरवट दिसत असेल तर धुणे कमी पडले किंवा स्मिअर दाट होता. पेशी गुलाबी आणि त्यांच्या पोटात रिकामी लंबगोल जागा असेल तर बीजाणू झालेले आहेत, पण वाफ अपुरी होती. पाणी उकळते ना आणि कागद ओला राहिला ना, ते तपासा. रिकामी जागाही नाही आणि हिरवेही नाही, तर प्लेट कोवळी आहे. पुन्हा स्टेनिंग करत बसण्यापेक्षा आणखी एक दिवस थांबा.

वेगवेगळ्या आकारांचे, टोकदार, पेशींवर आणि मोकळ्या काचेवर सारखेच विखुरलेले हिरवे तुकडे दिसले तर तो वाळलेला रंग आहे. बीजाणू साधारण एका मापाचे, सुमारे १ मायक्रॉन लांब आणि गुळगुळीत कडेचे असतात. दुसरी गफलत मेदासारख्या साठ्याच्या दाण्यांची. बॅसिलस मेगाटेरियम आणि सिरियस यांच्या पेशींत पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटचे दाणे असतात आणि ग्रॅम स्लाइडवर तेही रंगहीन चकाकतात. एका पेशीत ते अनेक असू शकतात, बीजाणू मात्र एकच, आणि मॅलकाइट ग्रीन देऊन धुतल्यावर दाणे हिरवे राहत नाहीत.

हिरवा दिसला म्हणून बीजाणू जिवंत आहे असेही समजू नका. हा रंग रचना दाखवतो, प्राण दाखवत नाही. जिवंतपणा तपासायचा असेल तर प्लेटवरची वाढ निर्जंतुक पाण्यात मिसळा, ८० अंशांच्या जलकुंडात १० मिनिटे ठेवा, थंड करून टप्प्याटप्प्याने पातळ करा आणि न्यूट्रिएंट अगारवर पसरा. साध्या पेशी या तापमानाला मरतात, बीजाणू तगतात आणि दुसऱ्या दिवशी वसाहती देतात. न तापवलेल्या मिश्रणाच्या वसाहतीही मोजा. दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर तुमच्या स्लाइडवरच्या टक्केवारीशी ताडून पाहता येईल. फार मोठी तफावत आली तर आधी स्लाइडवरच्या गठ्ठ्यांकडे आणि मिश्रण नीट ढवळले होते का याकडे बघा. वापरलेल्या प्लेटा आणि मिश्रण टाकण्यापूर्वी १२१ अंशांना किमान १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करा, कारण नुसत्या उकळण्याने हे बीजाणू मरतीलच याची खात्री नसते.